भोकापासून कडेपर्यंत किती लोखंड?

लोखंडी पट्टीला टोकाशी भोक पाडून बोल्टने जोडली आणि ती ओढली, तर ती नेमकी कुठे तुटेल? बहुतेकांचे उत्तर असते, बोल्ट तुटेल. कधीकधी तसे होतेही. पण भोक पट्टीच्या टोकाच्या फार जवळ असेल तर बोल्ट शाबूत राहतो आणि पट्टीच हार मानते. बोल्टची दांडी भोकाच्या कडेवर रेटू लागते, गोल भोक लांबट होते, टोकाची सरळ कड बाहेरच्या बाजूला फुगते आणि शेवटी बोल्टसमोरचा लोखंडाचा तुकडा दोन्ही बाजूंनी कातरला जाऊन बाहेर पडतो. टोक फारच अरुंद असेल तर फुगलेल्या कडेला मध्यावर उभी चीर पडते आणि टोक दुभंगते.

हे होऊ नये म्हणून भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत आणि एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किती अंतर हवे, याचे नियम आहेत. पहिल्याला कड-अंतर म्हणतात. ओढ ज्या दिशेने आहे त्या दिशेच्या टोकापर्यंत ते मोजले तर टोक-अंतर. दुसऱ्याला पिच. आपल्याकडे पोलादी बांधकामाचे नियम आयएस ८०० या भारतीय मानकात आहेत आणि त्याची २००७ सालची आवृत्ती मी इथे धरली आहे. नियम दोन ओळींचे आहेत, पण त्यामागचा विचार कळला नाही तर ते चुकीच्या जागी बरोबर लागू होतात. कारखान्यात आणि साइटवर मी हे इतक्यांदा पाहिले आहे की या दोन ओळी उलगडून सांगाव्यात असे वाटले.

आधी भोकाबद्दल. २० मिलिमीटरचा बोल्ट, ज्याला एम-२० म्हणतात, तो २० मिलिमीटरच्या भोकात घालत नाहीत. जोडणी करताना दोन प्लेटची भोके तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून थोडी सैल जागा ठेवतात. मानकाप्रमाणे १६ ते २४ मिलिमीटरच्या बोल्टला २ मिलिमीटर सैलपणा, म्हणजे एम-२० साठी भोक २२ मिलिमीटरचे. बारीक बोल्टला, १२ आणि १४ मिलिमीटरच्या, १ मिलिमीटर आणि २४ पेक्षा जाडाला ३ मिलिमीटर. त्यामुळे प्रत्येक जोडात दोन व्यास असतात, बोल्टचा आणि भोकाचा. कोणता नियम कोणत्या व्यासावर चालतो हे लक्षात ठेवावे लागते.

कड-अंतर भोकाच्या व्यासावरून ठरते. कड कारखान्यातून लाटून आलेली असेल, करवतीने कापलेली असेल, रंधून घेतलेली असेल किंवा यंत्रावर गॅसने कापलेली असेल, तर भोकाच्या व्यासाच्या निदान दीडपट. कड शिअरिंग मशीनवर कातरलेली असेल किंवा हाताने गॅस कटर चालवून कापलेली असेल, तर निदान १.७ पट. पिच मात्र बोल्टच्या व्यासावरून ठरतो, त्याच्या निदान अडीचपट.

२२ च्या भोकाला दीडपट म्हणजे ३३ मिलिमीटर. आता हे अंतर भोकाच्या मध्यापासून मोजायचे आहे हे ध्यानात घ्या. त्यातले ११ मिलिमीटर तर भोकातच गेले. भोकाच्या काठापासून प्लेटच्या कडेपर्यंत उरले २२. म्हणजे दीडपटीच्या नियमाचा सरळ अर्थ असा की, भोक संपल्यानंतर पुढे आणखी एक भोक मावेल एवढे भरीव लोखंड राहिले पाहिजे. भोक कितीही मोठे असले तरी हे खरे ठरते. १.७ पटीत ते १.२ भोकाएवढे, म्हणजे २२ च्या भोकासाठी २६.४ मिलिमीटर होते. मी नव्या मुलांना नकाशा तपासायला देतो तेव्हा हेच आधी सांगतो. आकडा आठवला नाही तरी चालेल, भोकासमोर एक भोकभर लोखंड दिसते का ते पाहा.

कड-अंतर भोकावर आणि पिच बोल्टवर, असे का? कडेचा प्रश्न उरलेल्या लोखंडाचा आहे आणि किती लोखंड उरले हे भोक सांगते, बोल्ट नाही. पिचच्या किमान मर्यादेत मात्र हात आणि पाना यांचाही विचार आहे. एम-२० च्या नटाला ३० मिलिमीटरचा पाना लागतो, कोपऱ्याकोपऱ्यातून तो नट ३३ मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि त्याखालचा वॉशर ३७ मिलिमीटरचा असतो. ५० मिलिमीटरच्या पिचवर दोन वॉशरमध्ये १३ मिलिमीटर जागा राहते. शेजारचा नट बसवलेला असताना बॉक्स पाना फिरायला एवढी जागा पुरते. पिच त्याहून कमी केला की पाना शेजारच्या नटाला अडायला लागतो, माणूस तिरका हात घालून कसेबसे आवळतो आणि तो बोल्ट पुरेसा आवळला गेला नाही हे बाहेरून कुणाला कळत नाही.

रिव्हेटच्या काळात तर ही जागा आणखी कळीची होती. २० मिलिमीटरच्या रिव्हेटचे गोल डोके ३२ मिलिमीटर रुंद. तापवून लाल केलेला रिव्हेट भोकात घालायचा, मागून डॉली दाबून धरायची आणि पुढून स्नॅप नावाच्या वाटीसारख्या अवजाराने ठोकून दुसरे डोके घडवायचे. स्नॅपच्या भिंतीला जाडी असतेच. शेजारच्या रिव्हेटचे डोके फार जवळ असेल तर स्नॅप त्यावर चढतो आणि नवे डोके वाकडे बसते. त्यातच रिव्हेटची एक खुबी अशी की ठोकताना तो फुगून सगळे भोक भरतो. २० च्या रिव्हेटसाठी रिवाजाप्रमाणे २१.५ चे भोक पाडतात आणि ताकदीच्या हिशोबात रिव्हेट २१.५ चाच धरतात, कारण बसल्यावर तो खरोखर तेवढा झालेला असतो. कड-अंतराचा हिशोब मात्र इथेही भोकावरूनच. २१.५ ची दीडपट सव्वाबत्तीस आणि १.७ पट साडेछत्तीसच्या किंचित वर.

पिचचा दुसरा अर्थ ओढीच्या दिशेवर अवलंबून असतो. बोल्टांची रांग ओढीच्या दिशेने लांबत गेली असेल तर दोन भोकांमधले लोखंड मागच्या बोल्टच्या रेट्याला तोंड देते. रांग ओढीला आडवी असेल, जशी बॉयलरच्या किंवा टाकीच्या सांध्यात असते, तर प्रत्येक भोक प्लेटची रुंदी खाते. ५० च्या अंतरावर २२ ची भोके आडवी ओळीने पाडली तर प्रत्येक ५० मिलिमीटर रुंदीत २८ मिलिमीटर लोखंड उरते, म्हणजे ५६ टक्के. विल्यम फेअरबर्न या ब्रिटिश अभियंत्याने १८३८ च्या सुमारास रिव्हेटचे सांधे तोडून पाहिले. त्याने काढलेला निष्कर्ष पुढे अनेक दशके वापरात होता. अखंड प्लेटची ताकद १०० धरली तर रिव्हेटच्या एकेरी ओळीच्या सांध्याची ५६ आणि दुहेरी ओळीच्या सांध्याची ७०. आपला ५६ आणि त्याचा ५६ हे जुळणे योगायोग आहे, त्याचे मोजमाप वेगळे होते. पण दोन्हीकडे मुद्दा तोच की, आडव्या ओळीत भोके दाटीने पाडली की प्लेट भोकाच्या रेषेवर फाटते. तिथे अडीचपटीच्या किमान अंतरावर थांबणे क्वचितच शहाणपणाचे असते.

आता कडेकडे परत येऊ. १.५ आणि १.७ मधला फरक किरकोळ वाटतो, पण तो समजून घ्यायचा तर कातरलेली कड जवळून पाहायला हवी. शिअरिंग मशीनवरून आलेल्या ८ मिलिमीटरच्या पट्टीचे टोक उजेडात धरा. वरची कड थोडी गोलावलेली दिसेल, कारण पाते आधी लोखंडाला दाबते आणि मग कापते. त्याखाली एक गुळगुळीत, चकाकणारा पट्टा असतो. एवढाच भाग पात्याने खरा कापलेला. त्याच्याखालचा बाकीचा भाग खडबडीत आणि मळकट करडा. तो कापलेला नसतो, तुटलेला असतो. पाते थोडे आत गेले की उरलेली जाडी एकदम फाटते. तळाला हाताला टोचणारी बर निघते. त्या फाटलेल्या भागात बारीक चिरा असू शकतात आणि कातरताना तिथले लोखंड दाबले जाऊन कडक झालेले असते. कडक लोखंड कमी ताणते. भोकासमोरची कड फुगू लागते तेव्हा सगळ्यात जास्त ताण याच कडेवर येतो. नेमक्या त्या जागी लोखंड चिवट असायला हवे आणि नेमके तिथेच ते ठिसूळ झालेले असते. म्हणून जास्तीचे लोखंड मागितले आहे.

हाताने गॅस कटर चालवलेल्या कडेचे कारण वेगळे. तिथे कड सरळच नसते. कुठे दोन मिलिमीटर आत, कुठे खाच. नकाशात दाखवलेली रेषा आणि प्रत्यक्षातली कड यांत फरक पडतो आणि खाचेच्या तळाशी ताण साठतो. यंत्रावर रुळावरून चालणाऱ्या कटरची कड याच्या मानाने सरळ आणि स्वच्छ असते, म्हणून तिला लाटलेल्या कडेच्या पंक्तीत बसवले आहे.

एकाच पट्टीला दोन्ही नियम एकाच वेळी लागू होतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. १०० मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड फ्लॅट घ्या. त्याच्या लांब बाजू लाटलेल्या आहेत, तिथे ३३ पुरतात. पण त्याचे टोक कारखान्यात कातरलेले आहे, तिथे १.७ गुणिले २२, म्हणजे ३७.४ हवेत. बाजूला भोक मधोमध असल्याने ५० मिळतातच. प्रश्न टोकाचाच असतो आणि ओढही टोकाच्या दिशेनेच असते.

३७.४ हा आकडा नकाशावर तसाच लिहू नये. ४० लिहावे. सेंटर पंच मारताना खूण एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होते, कातरताना लांबी एक मिलिमीटर कमी पडते. ३८ लिहिलेले असले की प्रत्यक्षात ३६ होऊ शकते आणि मग किमान मर्यादा मोडलेली असते. पाचाच्या पटीत वर चढवून लिहिण्याची जुनी सवय चांगली आहे, ती सोडू नये.

आता याच फ्लॅटचा पूर्ण हिशोब मांडतो, कारण किमान अंतर पाळले म्हणजे काम झाले हा गैरसमज इथेच उघडा पडतो. समजा शेडच्या बाजूच्या तिरप्या ब्रेसिंगमध्ये हा फ्लॅट ८ मिलिमीटरच्या गसेट प्लेटला जोडायचा आहे. सुरक्षेचे गुणक धरून त्यावर १५० किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५ टन ओढ आहे. लोखंड नेहमीचे, ज्याची तुटण्याची ताकद चौरस मिलिमीटरला ४१० न्यूटन धरतात. मधोमध एका ओळीत एम-२० चे बोल्ट. फ्लॅटच्या स्वतःच्या ताकदीचा प्रश्न नाही. तो ताणून वाहू लागण्याची मर्यादा सुमारे १८२ किलोन्यूटन आहे आणि भोकाच्या रेषेवर फाटण्याची सुमारे १८४.

आधी साधे बोल्ट घेऊ, ज्यांच्या डोक्यावर ४.६ असा आकडा कोरलेला असतो. दोन प्लेट एकमेकींवर सरकू पाहतात तेव्हा असा एक बोल्ट, आटे कातरण्याच्या जागी आले असे धरून, ४५ किलोन्यूटन सोसतो. म्हणजे चार बोल्ट हवेत, मिळून १८१. आता प्लेटची बाजू पाहू. बोल्ट भोकावर रेटतो तेव्हा प्लेट किती सोसेल यासाठी मानकात एक सूत्र आहे. जागा भरपूर असेल तर ८ मिलिमीटरची ही प्लेट एका एम-२० बोल्टचा १३१ किलोन्यूटन रेटा घेते. जागा कमी असेल तर या आकड्याला एका गुणकाने कमी करायचे. तो गुणक काढायला टोक-अंतराला भोकाच्या तिप्पट व्यासाने भागायचे. पिचलाही त्याच तिप्पट व्यासाने भागायचे आणि त्यातून पाव वजा करायचा. दोन्हींत जो लहान येईल तो घ्यायचा आणि तो एकपेक्षा मोठा धरायचा नाही. सूत्रात बोल्ट आणि प्लेट यांच्या ताकदींचे गुणोत्तरही असते, पण या उदाहरणात ते आड येत नाही.

टोक-अंतर ४० आणि पिच ५० ठेवला तर भोकाचा तिप्पट व्यास ६६. ४० भागिले ६६ म्हणजे ०.६१. ५० भागिले ६६ म्हणजे ०.७६, त्यातून पाव गेला की ०.५१. लहान आहे ०.५१. म्हणजे प्लेट एका बोल्टमागे १३१ च्या निम्मे, सुमारे ६७ किलोन्यूटन घेते. बोल्ट स्वतः ४५ वरच थकणार आहे. प्लेट बोल्टपेक्षा बळकट ठरली. किमान अंतरे इथे पुरली आणि जोड चार बोल्टांचा, ४० अधिक तीन वेळा ५० अधिक ४०, म्हणजे २३० मिलिमीटर लांबीचा झाला.

आता कुणीतरी म्हणते, चार कशाला, ८.८ चे बोल्ट लावू, दोनच पुरतील. विचार वाजवी आहे. ८.८ चा एम-२० ९० किलोन्यूटन सोसतो, दोन मिळून १८१. भोके निम्मी झाली, वेळ वाचला. नकाशावर चारातले दोन बोल्ट खोडले, ४० आणि ५० तसेच ठेवले. मानकाची किमान मर्यादा तर पाळलीच आहे. पण प्लेट अजूनही एका बोल्टमागे ६७ किलोन्यूटनच घेते, दोन बोल्टांना मिळून १३३. हवे होते १५०. बोल्ट बळकट झाले, जोड कमजोर झाला आणि नियम मात्र एकही मोडला नाही.

उपाय काय? ९०.५ ला १३१.२ ने भागले की हवा असलेला गुणक मिळतो, ०.६९. तो मिळवायला टोक-अंतर साडेपंचेचाळीस हवे आणि पिच ६२. वर चढवून ५० आणि ६५ घेऊ. मग टोकाचा गुणक ०.७६, पिचचा ०.७३, लहान ०.७३ आणि प्लेटची ताकद एका बोल्टमागे ९६ किलोन्यूटन. आता बोल्ट ९० वर ठरवतो आणि दोन बोल्ट मिळून पुन्हा १८१ देतात. जोडाची लांबी १३० ची १६५ झाली. फ्लॅटमध्ये ३५ मिलिमीटर जास्त लोखंड लागले, वजनात सव्वादोनशे ग्रॅमच्या आत. एवढ्याशा लोखंडाने जोडाची ताकद १३३ ची १८१ केली.

म्हणून किमान अंतराचा आकडा ही फक्त खालची हद्द आहे. त्याखाली जायचे नाही एवढेच ती सांगते. त्यावर थांबायचे की पुढे जायचे हे बोल्ट बळकट की प्लेट, यावर ठरते. प्लेट पातळ आणि बोल्ट ताकदवान, असे जिथे असेल तिथे किमान अंतरावर कधीच थांबू नये. प्लेट जाड आणि बोल्ट साधे, तिथे किमान अंतर बहुधा चालून जाते.

एक गोष्ट विसरली जाते. जोडात दोन प्लेट असतात आणि बोल्ट दोघींवर उलट दिशांनी रेटतो. फ्लॅटवर तो फ्लॅटच्या टोकाकडे रेटतो, गसेटवर गसेटच्या टोकाकडे. फ्लॅटचे ५० मोजले आणि गसेटचे पाहिलेच नाही, तर काम अर्धेच झाले. गसेटचा आकार वेडावाकडा असतो, बहुतेकदा तोच हाताने गॅसने कापलेला असतो आणि कोपरे वाचवण्यासाठी त्याची कड आत घेतलेली असते. कमी अंतर मला जास्त वेळा गसेटवरच सापडले आहे. त्याशिवाय बोल्टांच्या सगळ्या गटाला कवेत घेऊन लोखंडाचा एक ठोकळाच फाटून निघेल का, हीही तपासणी असते. आपल्या फ्लॅटमध्ये तिची मर्यादा २०० किलोन्यूटनच्या वर जाते, म्हणून तिच्यावर थांबत नाही. पातळ कोनाच्या पट्टीत मात्र ती सोडून चालत नाही.

आता साइटवर काय होते ते. फ्लॅट वर चढवला, एक बोल्ट बसला, दुसऱ्याची भोके तीन-चार मिलिमीटरने चुकली. क्रेन उभी आहे, भाडे चढते आहे. फिटर गॅस कटर मागवतो आणि भोक ओढून मोठे करतो. हे करू नये याची अनेक कारणे आहेत, पण आपल्या विषयापुरते एक पाहा. टोकाच्या भोकाच्या मध्यापासून कड ४० वर होती आणि भोकाच्या काठापासून कडेपर्यंत २९ मिलिमीटर लोखंड होते. भोक टोकाच्या बाजूला ५ मिलिमीटर वाढवले की राहिले २४. वर सांगितलेले २६.४ गेले आणि गॅसने खरवडलेला भोकाचा काठ वेगळाच. शिवाय भोकाचा व्यास वाढला की नियमाचा पायाच बदलतो. मानकात मुद्दाम मोठे भोक ठेवण्याचीही सोय आहे, एम-२० ला २४ मिलिमीटरचे. पण मग १.७ गुणिले २४ म्हणजे ४०.८. जे ४० कालपर्यंत नियमात होते ते आज नियमाबाहेर गेले, बोल्ट तोच असूनही. शिवाय अशा मोठ्या भोकात प्लेटचा रेटा घेण्याची ताकद ०.७ ने गुणून कमी धरावी लागते. कड-अंतर भोकावर का बांधले आहे, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

अशा वेळी बरोबर वाट म्हणजे भोक रीमरने गोल मोठे करून जाड बोल्ट घालणे आणि त्या नव्या भोकाला कड-अंतर पुरते का ते मोजणे. २४ चा बोल्ट घातला तर भोक २६ चे होते आणि कातरलेल्या टोकाला ४४.२ लागतात. टोक-अंतर ५० ठेवलेले असेल तर ही सुधारणा जमते. ४० ठेवलेले असेल तर जमत नाही आणि नवा तुकडा करावा लागतो. नकाशा काढतानाच टोकाला दहा मिलिमीटर जास्त द्यावेत असे मी म्हणतो ते यासाठी. साइटवरची चूक पोटात घ्यायला ती जागा उपयोगी पडते.

वरच्या बाजूलाही हद्द आहे. बोल्ट फार लांब लांब असले तर मधल्या भागात प्लेट एकमेकींपासून सुटतात, दाबाखालची प्लेट दोन बोल्टांमध्ये फुगते आणि फटीत पाणी शिरते. ताणाखालच्या पट्टीत ओढीच्या दिशेने पिच प्लेटच्या जाडीच्या १६ पट किंवा २०० मिलिमीटर, यांतले जे कमी त्याहून जास्त नसावा. आपल्या ८ मिलिमीटरच्या पट्टीला ही हद्द १२८. कडेला, जिथे गंज लवकर चढतो अशा ठिकाणी, मानक ४० अधिक जाडीच्या चौपटीवर थांबायला सांगते, म्हणजे ७२ मिलिमीटर. कोकण किनाऱ्यावरच्या शेडला हाच आकडा धरायचा. खारी हवा फटीत शिरली की गंज फुगतो आणि दोन प्लेटना पाचरीसारखा दूर करतो. बोल्टच्या बाजूने फुगलेला तपकिरी गंज आणि मागे वाकलेली पट्टीची कड दिसली की कड-अंतर जास्त झाले होते, असा संशय घ्यावा.

उलट, कड-अंतर कमी पडल्याची खूणही डोळ्याला दिसते. टोकाच्या बोल्टसमोर रंगाला बारीक तडे जातात, वॉशरच्या एका बाजूने भोकाचा काठ चंद्रकोरीसारखा उघडा पडतो आणि पट्टीचे टोक सरळ न राहता बोल्टसमोर किंचित पुढे आलेले असते. टोकाला स्टीलची पट्टी टेकवून पाहिली तर ही फुगवटी लगेच कळते. इथवर आलेल्या जोडाचे बोल्ट आवळून काही साधत नाही. त्याच्यावरचा भार काढून तो तुकडाच बदलावा लागतो.

नकाशावर कड-अंतराचा आकडा लिहिताना त्याच्या शेजारी भोकाचा व्यास आणि कड कशी कापायची हेही लिहा. फॅब्रिकेटरकडून माल उचलण्यापूर्वी फ्लॅट आणि गसेट दोघांच्या टोकाला टेप लावून मोजा आणि मोजताना भोकाच्या काठापासून मोजा. मध्य डोळ्याने सापडत नाही, काठ सापडतो. कातरलेल्या टोकाला १.२ भोकाएवढे लोखंड काठापुढे दिसले नाही तर तो माल साइटवर येऊ देऊ नका.